तिठ्याच्या पलीकडची वर्तुळे: १३-१४-१५ चा त्रिकोण मैदानावर आखून बहिर्वर्तुळाची त्रिज्या कशी काढायची

डिचोली तालुक्यात मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. बहिर्वर्तुळाचा धडा सुरू करताना मी फळ्यावर एकमेकांना छेदणारे तीन सरळ रस्ते काढते, तीन तिठे आणि मधे तिकोनी जागा. मग विचारते की तिन्ही रस्त्यांपासून सारख्याच अंतरावर उभे राहायचे असेल, तर कुठे उभे राहाल? उत्तर लगेच येते: "टीचर, मधे. अंतर्मध्यावर." ते बरोबर असते, पण पुरे नसते. रस्ते तिठ्याशी संपत नाहीत, ते पुढे जात राहतात. म्हणून अशा जागा चार आहेत. एक तिकोनाच्या आत आणि तीन बाहेर, प्रत्येक बाजूच्या पलीकडे एकेक. बाहेरच्या त्या तीन जागांभोवती तिन्ही रस्त्यांना टेकणारी जी वर्तुळे निघतात, ती बहिर्वर्तुळे.

त्यांच्या त्रिज्येचे सूत्र एका ओळीत लिहून देता येते. पण ते नुसते लिहून घेतलेले मूल परीक्षेत हमखास गोंधळते. कुठल्या त्रिज्येखाली s − a लिहायचे आणि कुठे नुसता s, हे त्याला आठवावे लागते. म्हणून मी एकच त्रिकोण घेते, तो मैदानावर फक्कीने आखते आणि एकच बहिर्वर्तुळ शेवटपर्यंत काढून घेते. बाकीची दोन मग वहीतच होतात. ते काम कसे करायचे, तेच इथे सविस्तर सांगते.

त्रिकोण कुठला घ्यायचा

बाजू १३, १४ आणि १५ मीटर. हा त्रिकोण आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त तो उदाहरण म्हणून येतो. तिथे १४ ची भूमी सांगताना 'मनू' हा शब्द येतो आणि १५ च्या भुजेसाठी 'तिथी', कारण मनू चौदा आणि तिथी पंधरा. समोरच्या शिरोबिंदूतून भूमीवर लंब टाकला तर तो १२ येतो आणि भूमीचे ५ आणि ९ असे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना तिथे आबाधा म्हटले आहे. म्हणजे ५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे केले की आपला त्रिकोण तयार होतो. क्षेत्रफळ १४ × १२ ÷ २ = ८४ चौरस मीटर. सगळे पूर्णांक असल्यामुळे टेपवर काही चुकले तर लगेच कळते.

नावे अशी ठेवू. भूमी BC = १४, तिची लांबी a. CA = १५, ती b. AB = १३, ती c. परिमिती ४२, म्हणून अर्धपरिमिती s = २१. पुढे तीन वजाबाक्या सतत लागणार आहेत, त्या आत्ताच करून ठेवा:

s − a = ७, s − b = ६, s − c = ८

या तिघांची बेरीज २१ येते, म्हणजे पुन्हा s. ही बेरीज दरवेळी तपासावी. माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथेच सापडतात.

बाहेरचे वर्तुळ कुठे टेकते

BC च्या पलीकडचे, म्हणजे A च्या समोरचे वर्तुळ घेऊ. ते तीन ठिकाणी टेकते. BC ला P वर, B च्या पुढे वाढवलेल्या AB ला Q वर आणि C च्या पुढे वाढवलेल्या AC ला R वर. दहावीत शिकलेले स्पर्शिकाखंडाचे प्रमेय इथे तीनदा वापरायचे: बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारख्या लांबीचे असतात.

B मधून पाहिले तर BP = BQ. C मधून पाहिले तर CP = CR. आणि A मधून पाहिले तर AQ = AR. आता मनाने चालत निघा. A पासून B, तिथून Q: हे अंतर AB + BQ, म्हणजेच AB + BP. दुसऱ्या बाजूने A पासून C, तिथून R: हे AC + CP. दोन्ही अंतरे मिळवली तर AB + BP + PC + CA होतात, म्हणजे त्रिकोणाला घातलेली एक पूर्ण फेरी, ४२ मीटर. दोन्ही अंतरे सारखी आहेत, म्हणून प्रत्येक २१.

AQ = AR = s

अर्धपरिमिती हा शब्द मुलांना हिरोच्या सूत्रात प्रथम भेटतो, आणि परिमितीचे अर्धे का करायचे याचे कारण कोणी सांगत नाही. कारण हे आहे. s ही मैदानावर दाखवता येणारी लांबी आहे: A पासून समोरच्या बहिर्वर्तुळाच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर. मला स्वतःला हे कळले तेव्हा मी शिकवायला लागून बरीच वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून मी हा भाग कधीच घाईने उरकत नाही.

आता बाकीच्या लांब्या आपोआप मिळतात. BQ = २१ − १३ = ८, म्हणून BP सुद्धा ८. CR = २१ − १५ = ६, म्हणून CP सुद्धा ६. आठ आणि सहा मिळून चौदा, BC पुरी झाली. अक्षरांत लिहायचे तर BP = s − c आणि CP = s − b.

आतल्या वर्तुळाचे बरोबर उलट असते. ते BC ला B पासून s − b, म्हणजे ६ मीटरवर टेकते. त्या बिंदूला M म्हणू. आतले वर्तुळ B पासून ६ वर, बाहेरचे ८ वर. बाजूचा मध्य ७ वर, दोघांच्या नेमका मधोमध. हे कुठल्याही त्रिकोणात खरे असते.

मैदानावर आखणी

एवढ्या एकाच वर्तुळासाठी साधारण ३६ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद मोकळी जागा लागते. कडेला थोडी जास्त असली तर बरे. चारही वर्तुळे काढायची असतील तर सुमारे ५३ मीटरचा चौकोन हवा. जागा नसेल तर सगळी मापे निम्मी करा: ६.५, ७ आणि ७.५ मीटर. तेव्हा लांब्या आणि त्रिज्या निम्म्या होतील, क्षेत्रफळ मात्र पाव होईल, ८४ च्या जागी २१.

साहित्यात दोन लांब टेप, सुतळी, फक्की आणि खुंट्या. आमच्या मैदानाखाली जांभा दगड आहे. लाकडी खुंटी त्यात शिरत नाही, म्हणून लोखंडी सळईचे वीतभर तुकडे आणि हातोडा घ्यावा. मापासाठी काथ्याचे सुंभ वापरू नये. पहिल्या वर्षी मी तेच वापरले होते, कारण ते सहज हाताशी होते. ओढणारा बदलला की लांबी बदलायची, आणि सकाळच्या दवाने भिजल्यावर आणखी वेगळी यायची. शेवटी त्रिज्या साडेबाराच्या पुढे गेली आणि मुलांना वाटले की सूत्रच चुकीचे आहे. सुंभ सरळ रेषा दाखवायला ठीक आहे, मोजायला नव्हे.

आधी B आणि C च्या सळया १४ मीटरवर ठोका. एक टेप B वर धरून १३, दुसरा C वर धरून १५, दोन्ही ताणून जिथे मिळतात तिथे A. लगेच पडताळा घ्या: BC वर B पासून ५ मीटरवर उभे राहून A पर्यंतचे अंतर १२ यायला हवे. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर A पुन्हा ठरवा. इथली चूक पुढे कुठेच भरून निघत नाही.

मग AB रेषा B च्या पुढे ८ मीटर वाढवून Q. रेषा सरळ वाढली का हे पाहायला एका मुलाने A च्या मागे बसून एक डोळा मिटावा आणि A, B, Q या तिन्ही सळया एकीमागे एक लपतात का ते बघावे. गवंडी चिऱ्यांची भिंत रचताना असेच बघतो. याच पद्धतीने AC रेषा C च्या पुढे ६ मीटर वाढवून R. आणि BC वर B पासून ८ वर P.

आता केंद्र. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून P वर BC ला लंब काढायचा, Q वर AB ला लंब काढायचा, आणि ते मिळतील तो बहिर्मध्य. त्याला J म्हणू. मैदानावर गुण्या उपयोगाचा नाही. तो हातभराचा असतो आणि त्याची किंचित चूक बारा मीटरवर फूटभर होते. त्याऐवजी ६-८-१० वापरा. सुदैवाने मापे जुळलेलीच आहेत: P पासून C सहा मीटरवर आहे. म्हणून P पासून ८ आणि C पासून १० मीटरवर, त्रिकोणाच्या बाहेरच्या अंगाला, जो बिंदू मिळेल तो P च्या लंबावर असतो. तसेच Q पासून B आठ मीटरवर आहे. Q पासून ६ आणि B पासून १० मीटरवर, R च्या अंगाला, मिळणारा बिंदू Q च्या लंबावर असतो. दोन्ही लंब सुतळीने पुढे वाढवा. सुतळ्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे J ची सळई ठोका.

आता J पासून P, Q आणि R पर्यंतची अंतरे मोजा. तिन्ही सारखी यायला हवीत. R वर आपण लंब काढलेलाच नाही, म्हणून JR ही खरी परीक्षा आहे. आमच्याकडे मागच्या खेपेला १२.०३, १२.०१ आणि ११.९६ आली. त्रिज्या १२ मीटर. J भोवती १२ मीटरचा टेप फिरवत फक्की टाका, आणि वर्तुळ P, Q, R या तिन्ही ठिकाणी रेषेला नुसते टेकून जाताना दिसेल.

त्रिज्या १२ च का: क्षेत्रफळ

आतल्या वर्तुळाचे तुम्हाला माहीत आहे. अंतर्मध्य I तिन्ही शिरोबिंदूंना जोडला की त्रिकोणाचे तीन तुकडे होतात. प्रत्येकाची उंची r आणि पाया एकेक बाजू. बेरीज केली की Δ = rs. आपल्यासाठी ८४ = r × २१, म्हणून r = ४.

बाहेरच्या वर्तुळालाही हेच करायचे, फक्त J बाहेर आहे हे विसरायचे नाही. मैदानावर J पासून A, B, C कडे तीन सुतळ्या बांधा. JAB हा त्रिकोण बघा: पाया AB आणि J पासून AB रेषेचे अंतर JQ, म्हणजे r_a. लंबाचा पाय Q हा AB च्या बाहेर पडतो म्हणून मुले इथे अडखळतात. पण उंची पायाच्या वाढवलेल्या रेषेपर्यंत मोजली तरी क्षेत्रफळाचे सूत्र तेच राहते. तर JAB चे क्षेत्रफळ १३ × १२ ÷ २ = ७८. तसेच JAC चे १५ × १२ ÷ २ = ९०. हे दोन्ही मिळून ABJC हा चौकोन पूर्ण झाकला जातो, १६८. त्यात आपला त्रिकोण तर आहेच, शिवाय BC च्या पलीकडचा JBC हा तुकडाही आहे. तो १४ × १२ ÷ २ = ८४. तो काढून टाका, उरते १६८ − ८४ = ८४. बरोबर.

अक्षरांत:

Δ = ½ r_a (b + c − a)

b + c − a म्हणजे पूर्ण परिमितीतून a दोनदा वजा, म्हणजे २(s − a). म्हणून

Δ = r_a (s − a), आणि r_a = Δ / (s − a)

आता सूत्र आठवावे लागत नाही. आतल्या वर्तुळात तिन्ही तुकड्यांची बेरीज होते म्हणून s. बाहेरच्यात एक तुकडा वजा होतो म्हणून s मधून एक बाजू वजा, आणि ती बाजू कोणती तर वर्तुळ जिच्या पलीकडे आहे तीच. बाकीची दोन वर्तुळे वहीतच काढा: r_b = ८४ ÷ ६ = १४ आणि r_c = ८४ ÷ ८ = १०.५. सर्वात मोठ्या बाजूच्या पलीकडे सर्वात मोठे वर्तुळ. तुमच्या उत्तरात याच्या उलट आले असेल तर s − b आणि s − c ची अदलाबदल झाली आहे.

इथे एका योगायोगापासून सावध करते. आपल्या त्रिकोणात A पासूनचा शिरोलंबही १२ आणि r_a सुद्धा १२. त्यामुळे वर JBC चे क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाइतकेच, ८४ आले. दरवर्षी कोणीतरी मूल वहीत लिहून ठेवते की बहिर्वर्तुळाची त्रिज्या शिरोलंबाइतकी असते. तसे नाही. b + c बरोबर a च्या दुप्पट असेल तरच हे होते, आणि इथे १५ + १३ = २८ आहे म्हणून झाले. b च्या बाजूने बघा: B पासूनचा शिरोलंब १६८ ÷ १५ = ११.२, आणि r_b मात्र १४.

हिरोचे सूत्र याच आकृतीत आहे

अलेक्झांड्रियाच्या हिरोचे सूत्र शाळेत न सिद्ध करताच वापरले जाते. मैदानावर आखलेल्या आकृतीत त्याची सिद्धता जवळजवळ तयार आहे. फक्त I ची सळई ठोकायची राहिली आहे. BC वर B पासून ६ मीटरवर M, आणि तिथून त्रिकोणाच्या आत लंबाने ४ मीटर गेले की I.

B पाशी उभे राहा. BI हा आतल्या कोनाचा दुभाजक आहे, कारण I हा BA आणि BC पासून सारख्या अंतरावर आहे. BJ हा बाहेरच्या कोनाचा दुभाजक आहे, कारण J हा BC आणि BQ पासून सारख्या अंतरावर आहे. आतला कोन आणि बाहेरचा कोन मिळून १८० अंश. दोन्हींचे अर्धे मिळून ९०. म्हणजे BI आणि BJ यांच्यात काटकोन आहे. सुतळ्या बांधल्या की तो डोळ्यांना दिसतो.

आता दोन छोटे काटकोन त्रिकोण घ्या. एक BMI: BM ६, MI ४. दुसरा BPJ: BP ८, PJ १२. B पाशी त्यांचे कोन मिळून ९० अंश होतात, म्हणून एकाचा B पाशी असलेला कोन दुसऱ्याच्या J पाशी येतो. दोघे समरूप आहेत, एक आडवा तर एक उभा. म्हणून MI : BM = BP : PJ, म्हणजे ४ : ६ = ८ : १२. तिरके गुणले की ४ × १२ = ६ × ८, दोन्ही ४८. अक्षरांत:

r × r_a = (s − b)(s − c)

हे या सगळ्या कामातले मला सर्वात आवडणारे समीकरण आहे. डावीकडे दोन वर्तुळांच्या त्रिज्या, उजवीकडे नुसत्या बाजूंच्या वजाबाक्या. आता क्षेत्रफळ दोन प्रकारे लिहिलेले आपल्याकडे आहेच: Δ = rs आणि Δ = r_a (s − a). त्यांचा गुणाकार करा:

Δ² = r × r_a × s (s − a) = s (s − a)(s − b)(s − c)

झाले. आकडे घालून बघा: २१ × ७ × ६ × ८ = ७०५६, आणि ८४ चा वर्ग ७०५६. तेवढाच चारही त्रिज्यांचा गुणाकारही येतो: ४ × १२ × १४ × १०.५ = ७०५६. हे कसे, ते वहीत एका ओळीत होते, चारही सूत्रे गुणून पाहा. तसेच s − a, s − b, s − c यांची बेरीज s असते हे Δ ने भागले की १/r_a + १/r_b + १/r_c = १/r मिळते. तिन्ही त्रिज्या काढून झाल्यावर शेवटचा पडताळा म्हणून मी हेच वापरायला सांगते.

वहीत कुठे चुकते

कागदावर बहिर्मध्य काढताना A चा आतला दुभाजक आणि B, C चे बाहेरचे दुभाजक लागतात. दोनच काढले तरी केंद्र मिळते, पण तिसरा काढून तो त्याच बिंदूतून जातो का हे पाहावे. मुले B पाशीही आतलाच दुभाजक काढतात आणि मग केंद्र पुन्हा I वरच येते. बाजू आधी ठळक वाढवून घेतल्या की ही चूक होत नाही, कारण बाहेरचा कोन समोर दिसतो.

दुसरी चूक जास्त लपलेली असते. केंद्र बरोबर येते, पण कंपास उघडताना A मधून येणारा दुभाजक BC ला जिथे छेदतो तिथपर्यंत उघडला जातो. तो बिंदू स्पर्शबिंदू नाही. आपल्या त्रिकोणात तो B पासून ६.५ वर आहे, आणि P आठवर. असे वर्तुळ BC ला टेकत नाही, किंचित ओलांडून आत शिरते. BC वर B पासून ५ ला शिरोलंबाचा पाय, ६ ला आतल्या वर्तुळाचा स्पर्श, ६.५ ला दुभाजक, ७ ला मध्य आणि ८ ला बाहेरच्या वर्तुळाचा स्पर्श. हे पाच बिंदू एकदा फक्कीने किंवा पेन्सिलीने खुणावून ठेवले की ही गल्लत मिटते. कंपास नेहमी केंद्रातून बाजूवर टाकलेल्या लंबाइतकाच उघडायचा.

याच परिमितीचा दुसरा त्रिकोण

मैदानावरचे काम झाल्यावर मी मुलांना त्याच ४२ मीटर परिमितीचा दुसरा त्रिकोण देते: ७, १५ आणि २०. अर्धपरिमिती तीच, २१. वजाबाक्या १४, ६ आणि १. बेरीज २१, ठीक. Δ² = २१ × १४ × ६ × १ = १७६४, म्हणून क्षेत्रफळ ४२, आधीच्या बरोबर निम्मे. आतली त्रिज्या २. बाहेरच्या त्रिज्या ३, ७ आणि ४२.

शेवटचा आकडा बघून मुले गणित पुन्हा तपासतात. पण तो बरोबर आहे. २० ची बाजू बाकीच्या दोघींच्या बेरजेच्या, म्हणजे २२ च्या, अगदी जवळ पोचली आहे, म्हणून s मधून ती वजा केल्यावर नुसता १ उरतो, आणि त्या १ ने भागायचे आहे. त्रिकोण जितका चपटा, तितका हा छेद लहान आणि वर्तुळ मोठे. बाजू २२ ला पोचली तर त्रिकोणच उरत नाही, आणि हे वर्तुळही उरत नाही.

मोजणाऱ्याला इथे एक धोका असतो. १३-१४-१५ च्या त्रिकोणात १४ ची बाजू चुकून ५ सेंटिमीटर जास्त मोजली गेली, तर r_a १२ च्या जागी १२.०७ येते. ७-१५-२० मध्ये २० ची बाजू तेवढीच चुकली, तर २० च्या पलीकडची त्रिज्या ४२ वरून सुमारे ४२.७ वर जाते. टेपची चूक तीच, पण त्रिज्येतला फरक जवळजवळ दहापट. म्हणून चपट्या त्रिकोणात सर्वात लांब बाजू दोनदा, दोन्ही टोकांकडून मोजावी, आणि मोजलेल्या त्रिज्येवरून क्षेत्रफळ काढण्याच्या भानगडीत पडू नये.

या वर्तुळासाठी जागा शोधायला मुले हौसेने निघतात. व्यास ८४ मीटर. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, आणि गोव्यातल्या मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. लांबीत ते वर्तुळ बसते, रुंदीत बाहेर पडते. मग आम्ही केंद्राचा नाद सोडतो, २० च्या बाजूवर एका टोकापासून १४ आणि दुसऱ्यापासून ६ मीटरवर स्पर्शबिंदूची सळई ठोकतो आणि तिच्या दोन्ही अंगांना वर्तुळाचा थोडासा कंस तेवढा फक्कीने काढतो. स्पर्शबिंदूपासून ६ मीटर दूर गेले तरी तो कंस बाजूपासून अर्ध्या मीटरहून कमीच सरकलेला असतो, आणि दुरून बघणाऱ्याला ती सरळ रेषाच वाटते.